एकच तिमाही, तीन आकडे : चौदा पानांचा विक्री अहवाल एका पानावर आणताना

वाचकाचे पत्र

मी सांगली जिल्ह्यातील एका फरसाण-नमकीन कंपनीत विक्री समन्वयक आहे. दर तिमाहीनंतर मी चौदा पानांचा विक्री अहवाल लिहिते. ऑक्टोबर ते डिसेंबर 2025 चा अहवाल वाचून संचालकांनी सांगितले, की बैठकीला त्यांना एकच पान हवे : वर मुख्य आकडे आणि खाली थोडक्यात भाष्य. मी तीन मसुदे केले, तिन्ही परत आले. माझ्या अहवालानुसार विक्री 13.22 कोटींवरून 11.78 कोटींवर आली, म्हणजे 10.9 टक्क्यांनी घटली. लेखा विभाग म्हणतो, घट 4.9 टक्केच आहे. विक्रीप्रमुख म्हणतात, दिवाळी लवकर आली म्हणून तसे दिसते, मुळात घट नाहीच. पानावर कोणाचा आकडा घालू, आणि चौदा पानांतल्या बाकीच्या मजकुराचे काय करू? तक्ते सोबत पाठवत आहे. कंपनी ओळखू येऊ नये म्हणून सर्व आकडे सारख्याच प्रमाणात बदलले आहेत.

उत्तर

तुमचे तिन्ही मसुदे मी पाहिले. त्यांची मांडणी वाईट नाही. ते परत आले त्याचे कारण असे, की पान छोटे झाले तरी कोणता आकडा खरा मानायचा याचा निर्णय तुम्ही संचालकांवरच सोडलेला आहे. चौदा पानांत तीन आकडे तीन वेगवेगळ्या ठिकाणी सुखाने नांदू शकतात, कारण तिथे त्यांची गाठ पडत नाही. एका पानावर ते शेजारी येतात आणि वाचणारा पहिल्याच मिनिटाला अडखळतो. म्हणून शब्द कापण्याच्या आधी आकड्याचा निकाल लावू.

सुरुवात तुमच्या 10.9 टक्क्यांपासून करते. तो आकडा चुकीच्या बेरजेतून आलेला नाही, पण त्या पानावर त्याला जागा नाही. तुम्ही बिलाची एकूण रक्कम घेतली आहे, म्हणजे जीएसटीसह. शेव, चिवडा, भुजिया अशा पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. म्हणजे 2024 च्या तिमाहीत शंभर रुपयांच्या मालाचे बिल 112 रुपयांचे होत होते, तर 2025 च्या तिमाहीत तेवढ्याच मालाचे बिल 105 रुपयांचे झाले. एक पाकीटही कमी विकले गेले नसते, तरी तुमच्या पद्धतीने विक्री सव्वासहा टक्क्यांनी घटलेली दिसली असती. लेखा विभागाचे 11.80 कोटी आणि 11.22 कोटी हे आकडे अनुक्रमे 1.12 आणि 1.05 ने गुणून पाहा, तुमचे 13.22 आणि 11.78 बरोबर मिळतात. म्हणजे तुमच्या दोघांत माल, तारखा, परतावा अशा कशाबद्दलही मतभेद नाही; फरक आहे तो फक्त सरकारकडे जमा होणाऱ्या कराचा, आणि कर ही कंपनीची विक्री नव्हेच.

तेव्हा पानावरचा विक्रीचा आकडा करपात्र मूल्यावरूनच काढा आणि त्यातून क्रेडिट नोटा, म्हणजे परत आलेला माल आणि बिलानंतर दिलेली सूट, वजा करा. एक्सेलमध्ये विक्रीची नोंदवही `Data` नावाच्या टेबलात असेल आणि क्रेडिट नोटा उणे चिन्हाने आल्या असतील, तर पुढचे सूत्र तिमाहीची निव्वळ विक्री लाखांत देईल.

```
=SUMIFS(Data[Taxable Value],Data[Date],">="&DATE(2025,10,1),Data[Date],"<"&DATE(2026,1,1))/100000
```

यात एक फसगत नेहमी होते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून फाइल काढली, की काही तारखा तारखा न राहता निव्वळ मजकूर म्हणून येतात. `SUMIFS` त्या ओळी गुपचूप वगळते, चुकीची खूण दाखवत नाही, आणि बेरीज चार-दोन लाखांनी कमी येते. त्यासाठी आधी पुढचे सूत्र चालवा. उत्तर `TRUE` आले नाही, तर तारखा दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

```
=COUNT(Data[Date])=ROWS(Data[Date])
```

आलेला आकडा ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर या तीन महिन्यांच्या जीएसटीआर-1 मधील करपात्र मूल्याशी ताडून घ्या. तिथे फरक निघाला, तर बहुधा एखादी उशिरा नोंदलेली क्रेडिट नोट सापडते. ही ताडणी पानावर दिसणार नाही, पण बैठकीत लेखा विभागाने मान हलवावी की भुवई उंचवावी, हे तिच्यावरच ठरते. मी नोकरीत असताना एकदा सतरा चौकोनांचे रंगीत पान करून मोठ्या अभिमानाने मालकांसमोर ठेवले होते. त्यांनी पेनाने एका चौकोनाला गोल केला आणि विचारले, “हा करासकट की कराविना?” मला सांगता आले नाही. उरलेले सोळा चौकोन त्या दिवशी कोणी पाहिले नाहीत.

आता तुमच्या विक्रीप्रमुखांचे म्हणणे. 2024 मध्ये दिवाळीचे मुख्य दिवस 31 ऑक्टोबर आणि 1 नोव्हेंबरला होते, 2025 मध्ये ते 20 आणि 21 ऑक्टोबरला आले. दुकानदार फराळाचा माल सणाआधी दोन-तीन आठवडे भरतो आणि वितरक त्याच्याही आधी. म्हणून 2024 मध्ये वितरकांना झालेली सणाची बहुतेक बिले ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तिसऱ्या तिमाहीत पडली, आणि 2025 मध्ये त्यांचा मोठा भाग सप्टेंबरमध्ये, म्हणजे दुसऱ्या तिमाहीत गेला. त्यातच कराचा दर बदलणार हे 3 सप्टेंबरला जाहीर झाल्यावर वितरकांनी खरेदी रोखून धरली आणि 22 तारखेनंतरच्या आठ-नऊ दिवसांत एकदम माल उचलला, असे तुमच्या रोजच्या बिलांच्या तक्त्यात स्वच्छ दिसते.

पण “दिवाळीमुळे” हा शब्द पानावर तसाच लिहू नका, कारण त्याच्या आड काहीही लपवता येते. तो मोजता येतो. फराळाची पाकिटे आणि भेटीचे डबे एवढ्याच वस्तूंची सप्टेंबर महिन्याची बिले दोन्ही वर्षी काढा. तुमच्या तक्त्यात ती 2024 मध्ये 38 लाख आहेत आणि 2025 मध्ये 121 लाख. म्हणजे सणाची सुमारे 83 लाखांची जास्तीची बिले सप्टेंबरमध्ये झाली. तिमाहीची संपूर्ण घट 58 लाखांची आहे, तेव्हा विक्रीप्रमुखांच्या बोलण्यात तथ्य आहे.

तरीही हे 83 लाख डिसेंबरअखेरच्या तिमाहीच्या आकड्यात मिळवून “सुधारित विक्री” नावाचा नवा आकडा तयार करू नका. तो अंदाज आहे, कारण सप्टेंबरमधली सगळी वाढ केवळ सण सरकल्यामुळेच झाली, असे गृहीत धरल्याशिवाय तो उभा राहत नाही. त्यापेक्षा साधा उपाय असा, की ज्या दोन तिमाह्यांच्या सीमेवरून सण इकडे-तिकडे सरकतो, त्या दोन्ही एकत्र मोजा. जुलै ते डिसेंबर 2024 मध्ये तुमची निव्वळ विक्री 9.00 आणि 11.80 मिळून 20.80 कोटी होती. 2025 मध्ये ती 10.32 आणि 11.22 मिळून 21.54 कोटी झाली. वाढ 74 लाखांची, म्हणजे 3.6 टक्के. यात अंदाज कुठेही नाही, प्रत्येक रुपया वहीत आहे. उद्दिष्टाचेही तेच. तिसऱ्या तिमाहीचे 12 कोटींचे उद्दिष्ट गेल्या वर्षीच्या तिमाहीवरून बेतलेले दिसते, सणाची तारीख पाहून नव्हे; त्याच्या 93.5 टक्के विक्री झाली. दुसऱ्या तिमाहीचे 9.50 कोटींचे उद्दिष्ट मात्र ओलांडले गेले. दोन्ही मिळून 21.50 कोटींच्या उद्दिष्टापुढे 21.54 कोटी होतात. जुने उद्दिष्ट मागे जाऊन बदलू नका. जे ठरले होते तेच छापा आणि शेजारी सहामाहीचा आकडा ठेवा.

इथपर्यंत विक्रीप्रमुख जिंकले असे वाटेल, पण त्यांचाही आकडा पुरता खरा नाही. वरचे सगळे आकडे प्रायमरी विक्रीचे, म्हणजे कंपनीने वितरकाला केलेल्या बिलांचे आहेत. माल वितरकाच्या गोदामात उतरला म्हणजे तो दुकानात पोचला असे होत नाही. त्यासाठी सेकंडरी, म्हणजे वितरकाने दुकानदाराला केलेली विक्री पाहावी लागते, आणि ती तुमच्या तक्त्यांत आहे. अहवालात मात्र ती अकराव्या पानावर एका परिच्छेदात दडली आहे. एक काळजी घ्या : प्रायमरी आणि सेकंडरी दोन्ही वितरकाच्या खरेदीच्या दरानेच मोजा. वितरकांच्या विक्री दराने सेकंडरी काढली, तर त्यांचा नफा तिच्यात मिसळतो आणि माल जितका हलला त्याहून जास्त हललेला दिसतो.

या दोहोंना बांधणारा हिशेब सोपा आहे. सुरुवातीच्या साठ्यात प्रायमरी मिळवा, सेकंडरी वजा करा, शेवटचा साठा यायला हवा. तुमच्या वितरकांकडे 30 सप्टेंबर 2025 रोजी 214 लाखांचा माल होता. त्यात 1,122 लाखांची प्रायमरी मिळवली आणि 1,150 लाखांची सेकंडरी वजा केली, की 186 लाख उरतात, आणि वितरकांनी 31 डिसेंबरला मोजून कळवलेला साठाही तेवढाच आहे. तुमचा हिशेब जुळतो, याचे मला खरेच कौतुक वाटले, कारण पुष्कळ ठिकाणी तो जुळत नाही. न जुळल्यास पहिला संशय स्कीमच्या मालावर घ्यावा. दहा पेट्यांवर एक फुकट दिली, की ती बिलात शून्य रुपयांनी जाते, पण गोदामात ती खरी पेटी असते, आणि वितरक तिच्यासकट साठा मोजतो. दुसरा संशय प्रतिनिधींनी मोबाइल ॲपवर महिनाअखेरीस घाईने भरलेल्या ऑर्डरींवर. ऑर्डर घेतली म्हणजे माल पोचला असे नसते.

आता या साठ्यावरून काय दिसते ते पाहू. गेल्या वर्षी तिमाहीची सेकंडरी 1,165 लाख होती, या वर्षी 1,150 लाख. घट अवघी 1.3 टक्के. दुकानदार सणाच्या तोंडाशी खरेदी करत असल्यामुळे सेकंडरी तिमाहीच्या सीमेवरून प्रायमरीइतकी सरकत नाही, म्हणून बाजाराचा अंदाज घ्यायला हाच आकडा जवळचा. तिमाहीच्या 92 दिवसांनी भागले, तर रोज साडेबारा लाखांचा माल दुकानात जातो. म्हणजे 186 लाखांचा साठा पंधरा दिवसांचा झाला. डिसेंबर 2024 अखेर तो 165 लाखांचा, तेरा दिवसांचा होता. जूनअखेरचा साठा दोन्ही वर्षी 140 लाखांच्या आसपासच होता. याचा अर्थ असा, की सहामाहीत वाढलेल्या 74 लाखांपैकी 21 लाख अजून वितरकांच्या गोदामातच बसलेले आहेत आणि दुकानांपर्यंत 53 लाखांचीच वाढ पोचली. नमकीनला काही महिन्यांचीच मुदत असते, त्यामुळे दोन दिवसांनी वाढलेला साठा हा आज काळजीचा विषय नसला, तरी मार्चअखेर उद्दिष्टासाठी वितरकांच्या गळ्यात आणखी माल घालण्याआधी संचालकांना तो माहीत असायला हवा.

म्हणून पानावर चार मोठे आकडे ठेवा, जास्त नकोत : तिमाहीची निव्वळ विक्री, दोन तिमाह्या मिळून निव्वळ विक्री, तिमाहीची सेकंडरी आणि वितरकांकडील साठा दिवसांत. प्रत्येकाखाली गेल्या वर्षीचा आकडा आणि फरक लहान अक्षरांत, आणि पहिल्या दोहोंखाली उद्दिष्टाची टक्केवारी. उधारी आणि वसुली तुमच्या अहवालात आहेत, पण त्यांचे पान लेखा विभाग बैठकीत वेगळे मांडतो असे तुम्हीच तळटीपेत लिहिले आहे; दोन पानांवर दोन तारखांना काढलेली उधारी आली, की बैठक तिथेच अडकते. टनांत मोजलेली विक्रीही या वेळी गाळा. कर कमी झाल्यावर तुम्ही पाच आणि दहा रुपयांच्या पाकिटांची किंमत तीच ठेवून वजन वाढवले आहे. त्यामुळे टन वाढले म्हणजे पाकिटे वाढली असे या तिमाहीत तरी म्हणता येत नाही, आणि हे समजावून सांगायला चार ओळी लागतील.

विभागवार तक्ता मात्र ठेवा, फक्त क्रम बदला. तुम्ही विभाग टक्केवारीनुसार लावले आहेत, त्यामुळे 20 टक्के घट झालेला मराठवाडा सर्वांत वर आला आहे. पण तिथली घट 70 लाखांवरून 56 लाख, म्हणजे 14 लाखांची आहे. मुंबई-ठाण्यात टक्केवारी 14.8 असली, तरी विक्री 310 लाखांवरून 264 लाखांवर आली, म्हणजे 46 लाख गेले. तक्ता रुपयांतल्या फरकानुसार लावा : मुंबई-ठाणे उणे 46, पुणे उणे 21, मराठवाडा उणे 14, दक्षिण महाराष्ट्र अधिक 9, कोकण-गोवा अधिक 14. बेरीज उणे 58 येते, म्हणजेच वरच्या मोठ्या आकड्यातली घट. तक्ता वरच्या आकड्याला जाऊन मिळतो, हे वाचणाऱ्याला स्वतः पडताळता आले, की तो पुढचे भाष्य विश्वासाने वाचतो. आकडे लाखांत पूर्णांकात छापायचे असतील, तर बेरीज मूळ आकड्यांची करून मग ती पूर्णांकात आणा. आधी प्रत्येक विभाग पूर्णांकात आणून बेरीज केली, की कधीतरी एका लाखाचा फरक पडतो आणि तोच नेमका कोणाच्या तरी डोळ्यांत भरतो.

आलेख एकच पुरे : जुलै ते डिसेंबर असे सहा महिने, प्रत्येक महिन्याचे दोन स्तंभ, एक गेल्या वर्षीचा फिकट आणि एक या वर्षीचा गडद, तळ शून्यापासून. सप्टेंबरचा गडद स्तंभ वर गेलेला आणि ऑक्टोबरचा खाली आलेला दिसला, की सण सरकल्याची गोष्ट शब्दांशिवाय सांगून होते. तुमच्या दुसऱ्या मसुद्यातले मोटारीच्या वेगमापकासारखे अर्धवर्तुळ काढून टाका. ते एका आकड्यासाठी पाव पान खाते.

आता भाष्य. तुमच्या नवव्या पानावरचा हा परिच्छेद घेते :

“मुंबई-ठाणे विभागात या तिमाहीत बाजारातील एकूण वातावरण काहीसे मंद राहिले व स्पर्धक कंपन्यांच्या आक्रमक योजनांमुळे दबाव जाणवला. तसेच नोव्हेंबर महिन्यात ठाणे येथील वितरकाने काम थांबविल्याने काही काळ पुरवठ्यावर परिणाम झाला, तथापि विक्री पथकाने अथक परिश्रम घेऊन नवीन वितरकाची नेमणूक केली असून आगामी काळात परिस्थिती पूर्वपदावर येईल असा विश्वास आहे.”

यातली पहिली ओळ कोणत्याही तिमाहीत, कोणत्याही विभागाखाली चालली असती, म्हणून ती जाते. स्पर्धकांच्या योजनांचा परिणाम किती झाला हे तक्त्यांत कुठेच मोजलेले नाही, म्हणून तीही बाब जाते. ज्याचे माप नाही ते कारण एका पानावर लिहिले, तर मापलेल्या कारणाचेही वजन कमी होते. खरी गोष्ट ठाण्याच्या वितरकाची आहे, आणि तिची तुम्ही “काही काळ पुरवठ्यावर परिणाम” अशी बोळवण केली आहे. तक्त्यात तारखा आहेत : जुना वितरक 10 नोव्हेंबरला थांबला, नव्याचे पहिले बिल 22 डिसेंबरला झाले, म्हणजे सहा आठवडे त्या भागात माल गेला नाही. नुकसान मोजताना त्याच्या आधीच्या सहा आठवड्यांची सरासरी धरू नका, कारण त्यांत दिवाळी आहे आणि आकडा फुगेल. गेल्या वर्षीच्या त्याच सहा आठवड्यांची त्या वितरकाची बिले धरा. ती 36 लाखांची आहेत. मग भाष्य असे होते :

“मुंबई-ठाणे : 46 लाखांची घट. पैकी सुमारे 36 लाख ठाण्याच्या वितरकाचे. 10 नोव्हेंबर ते 22 डिसेंबर त्या भागात पुरवठा बंद. नव्या वितरकाने 240 पैकी 150 दुकाने सुरू केली. उरलेली 31 जानेवारीपर्यंत, जबाबदारी विभागीय व्यवस्थापकाची.”

शब्द सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले आणि माहिती मात्र वाढली, कारण दुकानांचा आकडा आणि तारीख तुमच्या मूळ परिच्छेदात नव्हतीच. ती मला तुमच्या शेवटच्या तक्त्यात सापडली. प्रत्येक भाष्यात काय झाले, किती रुपयांचे, कशामुळे, आणि पुढे कोण काय केव्हापर्यंत करणार, एवढे आले की ते पुरे झाले. यातली एखादी गोष्ट ठाऊक नसेल, तर तिथे विशेषण घालू नका. पुण्याच्या 21 लाखांपैकी किती सणामुळे आणि किती अन्य कारणाने हे तुमच्या तक्त्यांवरून ठरत नाही, तेव्हा “सणाचा वाटा अद्याप वेगळा काढलेला नाही, 20 जानेवारीपर्यंत काढू” असे सरळ लिहा. संचालकांना अपुरे उत्तर चालते. बैठकीत फसवे ठरलेले उत्तर चालत नाही.

अशी तीन भाष्ये ठेवा : सण सरकणे, ठाणे, आणि वितरकांकडचा वाढलेला साठा. कोकण-गोव्याची वाढ तक्त्यात दिसतेच. तिच्यावर परिच्छेद लिहिण्याचा मोह होईल, कारण तिथले काम चांगले झाले आहे, पण त्यावर संचालकांनी काही ठरवावे असे तुम्ही मागत नाही. मराठवाड्यालाही या वेळी एवढीच जागा. उरलेली पाने फेकू नका. ती पुरवणी म्हणून ठेवा आणि प्रत्येक भाष्याच्या शेवटी मूळ पानाचा क्रमांक द्या, म्हणजे ज्याला खोलात जायचे आहे त्याला वाट सापडेल.

सगळ्यांत वरची ओळ शेवटी लिहा. तुमच्या मसुद्यांत तिथे “तिसऱ्या तिमाहीचा विक्री आढावा” असे आहे. ते पानाचे नाव झाले, निष्कर्ष नव्हे. तिथे असे वाक्य यावे : “तिमाहीची निव्वळ विक्री 11.22 कोटी, गेल्या वर्षीपेक्षा 4.9 टक्के कमी. सणाची बिले सप्टेंबरमध्ये झाल्याने दोन तिमाह्या मिळून पाहता 3.6 टक्के वाढ, पण वाढीपैकी 21 लाखांचा माल अजून वितरकांकडे.” वाक्य थोडे लांब आहे, हे मला मान्य आहे. मात्र यातली घट आधी आणि वाढ नंतर, हा क्रम बदलू नका. वाढ आधी लिहिली, की लेखा विभागाच्या पानावरचे 4.9 टक्के पाहणाऱ्याला तुम्ही काही झाकत आहात असे वाटेल.

आणि पानाच्या अगदी तळाशी, लहान अक्षरांत, दोन ओळी कायमच्या छापून टाका : “निव्वळ विक्री म्हणजे जीएसटी आणि क्रेडिट नोटा वगळून करपात्र मूल्य. दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीची तुलना दर वर्षी एकत्रित आकड्यानेही दाखवली जाईल.” यातले “दर वर्षी” हे शब्द विक्रीप्रमुखांकडून आत्ताच मान्य करून घ्या, कारण या वर्षी नियम त्यांच्या सोयीचा आहे. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ येत असल्याने दिवाळी 8 नोव्हेंबरला आहे. तेव्हा सणाची बिले पुन्हा ऑक्टोबरमध्ये जातील, सप्टेंबरअखेरची तिमाही पडलेली दिसेल आणि डिसेंबरअखेरची तिमाही फार मोठी वाढ दाखवील. त्या जानेवारीत एकत्रित आकड्याचा चौकोन काढून टाका, असे सांगायला कोणीतरी तुमच्या टेबलापाशी येईल. तळाची ओळ तेव्हा दाखवता यावी म्हणून ती आत्ता छापलेली हवी.